दहावी गणिताची व्हिडिओमालिका: वर्णन, चॅप्टर आणि टॅग कसे लिहावेत, म्हणजे ती नेमक्या मुलांपर्यंत पोहोचेल?

पाटीपेन्सिल

मी सातारा जिल्ह्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवतो. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या गणित भाग 1 मधील ‘वर्गसमीकरणे’ या प्रकरणावर मी यूट्यूबवर अकरा व्हिडिओंची मालिका केली आहे. प्रत्येक व्हिडिओ साधारण वीस ते तीस मिनिटांचा असून फळ्यावर एकेक पायरी लिहीत मी उदाहरणे सोडवली आहेत. व्हिडिओ पाहिले जात नाहीत अशी माझी तक्रार नाही. अडचण अशी की बरेच प्रेक्षक पहिल्या अर्ध्या मिनिटातच निघून जातात आणि खाली ‘सर, हिंदी में बताइए’ अशा प्रतिक्रिया येतात. माझ्याच तालुक्यातील मुलांना मात्र मालिका सापडत नाही. वर्गातल्या मुलांनीसुद्धा मी दुवा पाठवल्यावरच ती पाहिली.

सरावसंच 2.4 च्या व्हिडिओचे शीर्षक ‘गणित कक्षा 10 वर्गसमीकरण भाग 6’ असे आहे. वर्णन ‘नमस्कार विद्यार्थी मित्रांनो, आजच्या व्हिडिओमध्ये आपण एक अत्यंत महत्त्वाचा भाग शिकणार आहोत’ असे सुरू होते आणि पुढे माझ्या चॅनलची माहिती आहे. टॅग माझ्या भाच्याने दुसऱ्या एका मोठ्या चॅनलवरून जसेच्या तसे उचलून टाकले आहेत. चॅप्टर केलेले नाहीत. सुरुवात कोठून करावी, हे कृपया सांगावे.

मुक्तछंद

सर, अकरा व्हिडिओंत एक चॅप्टर बसवला आहे, हे चांगलेच आहे. पण प्रत्येक चॅप्टरची वेगळी प्लेलिस्ट करावी, म्हणजे अंकगणिती श्रेढी वेगळी आणि संभाव्यता वेगळी राहील. मुले प्रकरणानुसारच शोधतात.

पाटीपेन्सिल

आपली सूचना उपयुक्त आहे आणि मी तसे करणारही आहे. परंतु येथे चॅप्टर म्हणजे पुस्तकातील प्रकरण मला अभिप्रेत नव्हते. एकाच व्हिडिओच्या खालच्या पट्टीवर जे तुकडे दिसतात आणि ज्यांच्यावर बोट ठेवून थेट त्या ठिकाणी जाता येते, त्यांच्याविषयी मी विचारत आहे. शिक्षकाच्या तोंडी हा शब्द गोंधळ करतो, हे खरे.

धनंजय_टॅग

टॅग हाच पाया आहे. पाचशे अक्षरांची मर्यादा आहे, ती पूर्ण वापरा. गणित, दहावी, एसएससी, बोर्ड परीक्षा, महत्त्वाचे प्रश्न, शिवाय ज्या चॅनलना जास्त प्रेक्षक आहेत त्यांची नावे, हे सर्व त्यात आले पाहिजे. मर्यादेत बसले नाही, तर उरलेले शब्द वर्णनाच्या तळाशी एका परिच्छेदात टाकावेत. वर्णनातील शब्द शोधात धरले जातात, हे मी स्वतः अनुभवले आहे.

संकलनकक्ष

मी गेली काही वर्षे शैक्षणिक चॅनलसाठी संकलन आणि प्रकाशनाचे काम करतो. धनंजय यांचे शेवटचे वाक्य बरोबर आहे; वर्णनातील शब्द खरोखरच शोधात धरले जातात. मात्र त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मान्य करता येत नाही. व्हिडिओ सापडण्यात टॅगचा वाटा अगदी थोडा असतो आणि एखादा शब्द लोक नेहमी चुकीचा लिहीत असतील तर टॅगचा उपयोग होतो, असे यूट्यूबने आपल्या मदतपानावरच सांगितले आहे. वर्णनात टॅगांचा ढीग घालणे तर त्यांच्या नियमांच्या विरुद्ध आहे आणि त्यासाठी व्हिडिओ काढून टाकला जाऊ शकतो. दुसऱ्या चॅनलची नावे घालणेही दिशाभूल करणारे आहे. म्हणून भाच्याने टाकलेले सगळे टॅग आजच काढून टाकावेत.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हिंदी भाषक मुले तुमच्याकडे का येतात, याचे उत्तर शीर्षकातच आहे. ‘गणित’ हा शब्द दोन्ही भाषांत आहे, लिपी तीच आहे, आणि ‘कक्षा 10’ हा तर हिंदी प्रयोग झाला. आपल्याकडे कोणीही ‘कक्षा दहावी’ म्हणत नाही. त्या मुलाला त्याच्या भाषेतले ‘द्विघात समीकरण’ हवे असते. ‘गणित कक्षा 10’ एवढे वाचून तो आत येतो, मराठी ऐकतो आणि निघून जातो. त्याची चूक नाही आणि तुमच्या शिकवण्याचीही नाही. दारावरची पाटी चुकली आहे. असे लवकर निघून जाणारे प्रेक्षक वाढले, म्हणजे व्हिडिओ पुढे कोणाला सुचवायचा, याचा अंदाजही चुकत जातो.

तुमचा विद्यार्थी काय शोधतो, ते पाहू. मराठी माध्यमाचा मुलगा रात्री गृहपाठाला बसतो तेव्हा ‘महत्त्वाचा भाग’ शोधत नाही. तो ‘सरावसंच 2.4’ शोधतो, कारण शिक्षकांनी वहीत तेवढेच लिहून दिलेले असते. सेमी इंग्रजीच्या मुलाचे गणिताचे पुस्तक इंग्रजीत असते, पण समजावून सांगणारा मराठीत हवा असतो. तो `practice set 2.4 class 10 in marathi` असे काहीतरी लिहितो. दोघेही तुमचेच प्रेक्षक आहेत आणि तुमच्या वर्णनात दोघांचाही शब्द नाही.

राज्य मंडळाचे नाव लिहिणेही आवश्यक आहे. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात हाच विषय चौथ्या प्रकरणात येतो, तर आपल्या पुस्तकात तो गणित भाग 1 चे दुसरे प्रकरण आहे. मंडळ लिहिले नाही, तर क्रमांक पाहून येणारी मुले निष्कारण एकमेकांच्या व्हिडिओंवर जाऊन पोहोचतात.

अनुजा_टोरांटो

माझा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे, म्हणून येथेच विचारते. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी मी अक्षरओळखीचे छोटे व्हिडिओ करते. मुले वाचू शकत नाहीत, शोध आईवडील घेतात, आणि तेही इंग्रजीतून घेतात. माझे शीर्षक ‘चला, मुळाक्षरे शिकूया’ असे होते आणि वर्णनही पूर्ण मराठीत होते. आमच्याच मंडळातील पालकांना ते सापडत नव्हते. मी शीर्षक आणि वर्णन दोन्ही भाषांत लिहावे, की भाषांतराची जी वेगळी सोय आहे ती वापरावी?

संकलनकक्ष

अनुजाताई, तुमच्यासाठी भाषांतराची सोय योग्य आहे. यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओची मूळ भाषा मराठी ठरवून त्याखाली इंग्रजी शीर्षक आणि वर्णन जोडता येते; ज्याच्या यूट्यूबची भाषा इंग्रजी असते, त्याला ते इंग्रजीत दिसते. तुमच्या पालकांचे फोन इंग्रजीतच असणार, त्यामुळे ते नेमके बसते.

पाटीपेन्सिल सरांनी मात्र त्यावर विसंबू नये. साताऱ्यातील मराठी माध्यमाच्या मुलाचा फोनसुद्धा बहुधा इंग्रजीतच असतो, आणि त्याला मराठी शीर्षक हवे असताना इंग्रजी शीर्षक दिसेल. त्यांच्या बाबतीत एकाच वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत दोन्ही शब्दावली ठेवावी. व्हिडिओची भाषा मराठी निवडली आहे का, तेही तपासावे. जुन्या व्हिडिओंना अनेकदा चॅनलची ठरलेली भाषा तशीच लागलेली असते.

पहिल्या दोन ओळींवर मी भर देतो, कारण बाकीचे वर्णन उघडल्याशिवाय दिसत नाही आणि शोधाच्या यादीत तर सुरुवातीचा तुकडाच दिसतो. तेथे ‘नमस्कार विद्यार्थी मित्रांनो’ असेल, तर तुम्ही ती जागा अभिवादनाला दिली. नमस्कार व्हिडिओत जरूर करावा. चॅनलची माहिती, इतर दुवे आणि संपर्क हे सर्व चॅप्टरच्या खाली जावे.

सर, सरावसंच 2.4 च्या व्हिडिओत कोणते भाग कोणत्या मिनिटाला येतात, तेवढे लिहून द्या. आपण त्याच व्हिडिओचे वर्णन तयार करू.

पाटीपेन्सिल

व्हिडिओ सव्वीस मिनिटांचा आहे. आरंभी मी सरावसंचात काय विचारले आहे ते सांगतो. 1:10 पासून पूर्ण वर्ग पद्धतीने सूत्र कसे मिळते, ते दाखवतो. 6:45 पासून पहिल्या प्रश्नातील a, b, c च्या किमती ओळखणे आहे. त्यात 2m² = 5m – 5 या समीकरणापाशी मी बराच वेळ थांबलो आहे, कारण सर्व पदे डावीकडे न घेताच मुले b ची किंमत 5 लिहून मोकळी होतात; वास्तविक 2m² – 5m + 5 = 0 असे मांडल्यावर ती –5 येते. 10:05 ला y² = 7y आहे, ज्यात c शून्य आहे हे मुलांच्या लक्षात येत नाही. 12:30 पासून x² + 6x + 5 = 0 सूत्राने सोडवले आहे आणि त्याची मुळे –1 आणि –5 येतात. 17:00 पासून उरलेली उदाहरणे आहेत.

मी हे ‘उदाहरण 1’, ‘उदाहरण 2’ असे लिहिणार होतो.

संकलनकक्ष

‘उदाहरण 1’ असे लिहिले, तर ते पुस्तकातील सोडवलेले उदाहरण की सरावसंचातील पहिले, हे मुलाला कळत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर समीकरण असते, म्हणून चॅप्टरच्या नावात समीकरणच असावे, आणि तेही आधी असावे, कारण फोनवर लांब नावाचा शेवट कापला जातो. तुम्ही जेथे थांबलात ती चिन्हाची चूक तर स्वतंत्र चॅप्टरला पात्र आहे. मी असे लिहिले असते:

```
दहावी गणित भाग 1, महाराष्ट्र बोर्ड: वर्गसमीकरणे, सरावसंच 2.4, सूत्र पद्धत.
Class 10 Maths Part 1, Practice Set 2.4, quadratic formula in Marathi.

0:00 सरावसंच 2.4 मध्ये काय विचारले आहे
1:10 सूत्र कसे मिळते
6:45 a, b, c ओळखणे
8:00 2m² = 5m – 5: b ची किंमत –5 का
10:05 y² = 7y: c शून्य असताना
12:30 x² + 6x + 5 = 0 सूत्राने
17:00 उरलेली उदाहरणे
```

8:00 ही वेळ मी अंदाजाने घातली आहे. तुम्ही व्हिडिओ पाहून ती दुरुस्त करावी. ‘उरलेली उदाहरणे’ हे नावही मला पसंत नाही, तेथे प्रत्येक समीकरणाला वेगळी ओळ द्यावी. शीर्षकाला शंभर अक्षरांची मर्यादा आहे, ‘सरावसंच 2.4 वर्गसमीकरणे, दहावी गणित भाग 1, महाराष्ट्र बोर्ड’ हे त्यात सहज बसते.

नियम मोजकेच आहेत. पहिली वेळ 0:00 असलीच पाहिजे, निदान तीन वेळा चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक तुकडा किमान दहा सेकंदांचा हवा.

खडूधूळ

मी विज्ञानाचे व्हिडिओ करते आणि एका गोष्टीत माझा पूर्ण एक आठवडा गेला, म्हणून सांगते. मी सर्व वेळा नीट लिहिल्या होत्या, त्या निळ्या होऊन दाबताही येत होत्या. पण खालच्या पट्टीचे तुकडे काही होत नव्हते. माझी पहिली वेळ 0:15 होती, कारण आधीच्या पंधरा सेकंदांत फक्त चॅनलचे बोधचिन्ह होते. वेळ निळी झाली म्हणजे दुवा तयार झाला, एवढेच त्यातून कळते. चॅप्टर झाले की नाही, हे पट्टीकडे पाहूनच ठरवावे.

पुढे आणखी एक चूक झाली. बोधचिन्हाचा तो भाग मी स्टुडिओतल्या संपादकात कापून टाकला. व्हिडिओ पंधरा सेकंदांनी लहान झाला आणि वर्णनातील वेळा होत्या तशाच राहिल्या. ‘पारदर्शक काचेतून अपवर्तन’ या चॅप्टरवर जाणारा मुलगा माझ्या अर्ध्या वाक्यात पोहोचत होता. कापाकापी आधी पूर्ण करावी आणि वेळा सर्वांत शेवटी लिहाव्यात.

पाटीपेन्सिल

आपण दोघांनी सांगितल्याप्रमाणे सरावसंच 2.4 चे वर्णन बदलले. पहिल्या खेपेला मी सवयीने ‘०:००’ असे देवनागरी अंक लिहिले होते, ते निळे झाले नाहीत; इंग्रजी अंक लिहिल्यावर लगेच झाले. आता पट्टीवर तुकडे दिसत आहेत.

सरावसंच 2.5 च्या वर्णनाला मात्र एक नवी अडचण आली आहे. त्यात मुळांचे स्वरूप आहे, म्हणून मी विवेचकाची तिन्ही स्थिती चिन्हांनी लिहिली, तर वर्णन जतनच होत नाही. अक्षरांची संख्या मर्यादेच्या आत आहे.

संकलनकक्ष

तुम्ही b² – 4ac च्या पुढे मोठेपणाचे किंवा लहानपणाचे चिन्ह वापरले असणार. शीर्षकात आणि वर्णनात ती टोकदार चिन्हे चालत नाहीत. ‘विवेचक शून्यापेक्षा मोठा: मुळे वास्तव व असमान’ असे शब्दांत लिहावे. मुलाला तसे वाचायला सोपेही जाते.

धनंजय_टॅग

वर्णनात शब्दांचा ढीग घालू नये, हे मला पटले आणि माझ्या दोन व्हिडिओंतून मी तो काढलाही. परंतु टॅग अगदी निरुपयोगी आहेत, हे मला मान्य नाही. मराठी मुले रोमन लिपीत मराठी लिहितात आणि प्रत्येकाचे स्पेलिंग वेगळे असते. त्यांच्यासाठी काय करायचे?

संकलनकक्ष

निरुपयोगी आहेत असे मी म्हटले नाही, आणि तुम्ही आता जे सांगितले, तोच टॅगचा खरा उपयोग आहे. ‘वर्ग समीकरण’ असे तोडून लिहिणारे, `vargsamikaran` लिहिणारे, `varg samikarane` लिहिणारे आणि ‘सराव संच’ दोन शब्दांत लिहिणारे, अशांसाठी सहा-सात टॅग ठेवावेत. वर्णनात ही अशुद्ध रूपे लिहू नयेत. शिक्षकाच्या पानावर मुलाने शुद्ध शब्दच वाचावा. ‘गणित’, ‘शिक्षण’, ‘परीक्षा’ असे टॅग काढून टाकावेत, कारण त्यांतून कोण येईल हे काहीच ठरत नाही.

कोणती रूपे ठेवावीत, याचा अंदाजही करावा लागत नाही. स्टुडिओतील आकडेवारीत प्रेक्षक कोठून आले, ते दिसते. त्यात ‘यूट्यूब शोध’ उघडला की लोकांनी टाइप केलेले शब्द मिळतात. सर, त्या यादीत सध्या काय दिसते?

पाटीपेन्सिल

पाहिले. जुन्या यादीत सर्वांत वर `class 10 maths` आणि ‘द्विघात समीकरण’ आहे. ‘सरावसंच’ हा शब्द कोठेच नाही. तळाशी एक ओळ `10vi ganit bhag 1` अशी आहे. ती पाहून मन हेलावले, कारण माझ्या वर्गातील मुले अगदी अशीच लिहितात.

संकलनकक्ष

ती ओळ टॅगमध्ये जशीच्या तशी घ्या. वर्णन बदलल्यावर यादी लगेच बदलणार नाही. जुन्या व्हिडिओला वेळ लागतो आणि तुमच्या विषयाची मागणी शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे वरखाली होते. ज्या आठवड्यांत शाळांतून वर्गसमीकरणे शिकवली जातात, तेव्हाची यादी पाहावी. ‘सरावसंच’ किंवा `practice set` तीत वर आले आणि व्हिडिओच्या आलेखातील पहिल्या अर्ध्या मिनिटाची घसरण कमी झाली, तर पाटी बरोबर लागली असे समजावे. एकूण प्रेक्षक कदाचित घटतील. हिंदी भाषक मुले येणे थांबेल, त्यामुळे ती घट अपेक्षितच आहे.

खडूधूळ

येथे मी वेगळे मत मांडते. चॅप्टर दिल्यापासून माझ्याकडे मुले थेट उत्तराच्या ठिकाणी जातात, उतरवून घेतात आणि निघून जातात. सरासरी पाहण्याचा वेळ उतरला आहे. सरांच्या व्हिडिओत सूत्र कसे मिळते, हा सुमारे साडेपाच मिनिटांचा भाग आहे. तो आता कोणी पाहील का? मला तर चॅप्टर काढून टाकावेत असे वाटू लागले आहे.

संकलनकक्ष

भीती रास्त आहे. पण चॅप्टर नसतानाही ती मुले पट्टीवर बोट फिरवून तेथेच जात होती. फक्त चार ठिकाणी चुकत होती आणि तो वेळ तुमच्या सरासरीत मिसळत होता. माझ्या मते सूत्राची सिद्धता वेगळ्या व्हिडिओत ठेवावी आणि ‘सूत्र कसे मिळते’ या चॅप्टरच्या जागी तिचा दुवा द्यावा.

पाटीपेन्सिल

ते मात्र मी करणार नाही. सिद्धता वेगळी काढली, तर ती न पाहणारा मुलगा सूत्र पाठ करूनच पुढे जाईल, आणि माझी सारी धडपड तेच टाळण्यासाठी आहे. खडूधूळ बाईंची शंका मला पटते, तरीही चॅप्टर काढावेत असे वाटत नाही. मी एक बदल करून पाहिला आहे. 1:10 चे नाव ‘सूत्र कसे मिळते’ ऐवजी ‘छेदात 2a कोठून येतो’ असे केले आहे, कारण वर्गात मुले नेमका हाच प्रश्न विचारतात. x² + 6x + 5 = 0 सोडवताना छेदात 2 लिहायचे ते विसरतात, आणि उत्तर –2 व –10 असे दुप्पट येते. ते पाहून तरी कोणी मागे वळून 1:10 वर जाईल, अशी आशा आहे. म्हणून 12:30 च्या भागात मी तोंडी जेथे ‘छेद विसरू नका’ म्हणतो, ती वेळ शोधून तिचाही चॅप्टर करत आहे.

खडूधूळ

तो चॅप्टर किती सेकंदांचा होतो आहे, ते पाहा. दहापेक्षा कमी भरला, तर सगळी पट्टी पुन्हा सलग होईल.

पाटीपेन्सिल

सात सेकंदांचा होत होता. वेळ पाच सेकंद आधी घेतली. आता बारा सेकंदांचा झाला आहे आणि पट्टीचे तुकडे टिकून आहेत. उरलेल्या दहा व्हिडिओंपैकी तीन आज रात्री करून ठेवतो.